गाभण कुत्री, तिच्या कळा आणि घड्याळ

चिंगीच्या बाळंतपणाची वही अजून माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलंय, ‘दु. १२.३०, डॉक्टरांना फोन केला.’ हा फोन ११.५० ला व्हायला हवा होता. ती चाळीस मिनिटं का गेली आणि ती कशी ओळखता आली असती, हे सांगायला हा लेख. कुत्री व्यायला लागली की बहुतेक वेळा सगळं आपलं आपण नीट होतं, त्यात वाद नाही. ज्या वेळी होत नाही, त्या वेळी ते घड्याळावरून कळतं. पण घड्याळ कोणत्या क्षणापासून लावायचं हे आधी ठाऊक असावं लागतं.

आधी दिवसांचा हिशेब. कुत्रीचे दिवस ६३, असं सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. मात्र हे ६३ दिवस बीज सुटल्यापासून मोजायचे असतात, मेटिंगच्या तारखेपासून नव्हे. कुत्रीचं बीज सुटतं तेव्हा कच्चं असतं, त्याला पिकायला आणखी दोनेक दिवस लागतात. नराचं वीर्य तिच्या पोटात पाच-सहा दिवस, कधी त्याहूनही जास्त टिकतं. म्हणून मेटिंग सोमवारी झालं तरी गर्भ त्या शनिवारी राहिलेला असू शकतो. मेटिंगपासून मोजलं तर ५७-५८ व्या दिवसापासून थेट ७२ व्या दिवसापर्यंत कधीही पिल्लं येऊ शकतात. माजावर असतानाच रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तपासून घेतलं असेल तर तारीख एक-दोन दिवसांच्या फरकाने सांगता येते. आम्ही ते केलं नव्हतं. चिंगीची दोन मेटिंग्ज झाली होती, एक दिवस मध्ये सोडून. तेव्हा पहिल्या मेटिंगचा दिवस धरायचा आणि पुढचे दोन आठवडे डोळे उघडे ठेवायचे, एवढंच हातात होतं.

गाभण आहे की नाही हे सोनोग्राफीत साधारण २५ व्या दिवसानंतर दिसतं, पिल्लांच्या हृदयाचे ठोकेही दिसतात. पिल्लं किती हे मात्र सोनोग्राफीत नीट मोजता येत नाही, एकामागे एक लपतात. त्यासाठी एक्स-रे काढायचा आणि तोही ५५ व्या दिवसानंतर, कारण तोवर पिल्लांची हाडं पुरेशी कडक होऊन फिल्मवर उमटायला लागतात. पुष्कळांना हा एक्स-रे म्हणजे फुकटचा खर्च वाटतो. मी मात्र बाकी काही कमी-जास्त झालं तरी हा चुकवू देणार नाही. पिल्लं किती आहेत हे माहीत नसेल तर ‘सगळी आली का?’ या प्रश्नाला ऐन रात्री उत्तरच नसतं. चिंगीचा एक्स-रे ५६ व्या दिवशी काढला. डॉक्टरांनी कवट्या मोजल्या, मग पाठीचे कणे मोजले. पाच.

खाण्यापिण्यात लोक दोन चुका करतात. एक, पहिल्या दिवसापासून दुप्पट वाढणं. पहिले पाच आठवडे तिला नेहमीएवढंच खाणं पुरतं, कारण पिल्लं वाढतात ती मुख्यतः शेवटच्या तीन-चार आठवड्यांत. तेव्हापासून हळूहळू वाढवत शेवटी नेहमीच्या सव्वापट ते दीडपट करायचं आणि दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्यायचं. पोट पिल्लांनी भरलेलं असतं, एकदम मोठं जेवण मावत नाही. पिल्लांसाठी मिळणारा तयार आहार या काळात आईलाही चालतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काही दिवस तोंड फिरवलं तर घाबरू नका, ते होतं.

दुसरी चूक कॅल्शियमची. ‘गाभण आहे, हाडं बनायचीत, कॅल्शियम दे’ हे ऐकायला इतकं पटतं की कोणी शंका घेत नाही. परिणाम नेमका उलटा होतो. रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की ते हाडांतून काढून आणायचं काम गळ्यातल्या छोट्या ग्रंथी करतात. बाहेरून रोज मिळत राहिलं तर त्या ग्रंथी सुस्तावतात. पुढे दूध भरायला लागलं आणि एकदम मोठी मागणी आली की त्या वेळेवर जाग्या होत नाहीत. मग येतो एक्लॅम्पसियाचा, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घसरून अंग ताठरण्याचा झटका. त्याच्याकडे शेवटी येऊ. गोळ्या-पावडरी डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय देऊ नका. हाच नियम बाकी औषधांना. साध्या वाटणाऱ्या वेदनाशामक आणि अँटिबायोटिक गोळ्यांतल्या काही पिल्लांना बाधतात. लसी शक्यतो मेटिंगच्या आधी उरकाव्यात. जंताचं औषध मात्र विचारून घ्यायचं, कारण गोल जंतांच्या झोपलेल्या अळ्या गाभणपणात जाग्या होऊन पोटातल्या पिल्लांपर्यंत पोचतात.

व्यायच्या आठवडाभर आधीच जागा करून द्या. घरातला शांत, वारा न लागणारा कोपरा, ती आडवी होऊन पाय ताणू शकेल एवढं खोकं, आत धुता येतील अशा जुन्या चादरी. मोठी कुत्री असेल तर खोक्याच्या आतून भिंतीपासून चार बोटं पुढे एक दांडी लावतात, म्हणजे आई टेकून बसली तरी मागे सापडलेलं पिल्लू चेंगरत नाही. आणि हो, तुम्ही कितीही सुंदर खोकं केलंत तरी ती तुमच्या कपाटात जाऊन व्यायचा प्रयत्न करणारच. कपाटाला कडी घाला.

आता थर्मामीटर. पहिल्या मेटिंगपासूनच्या ५७ व्या दिवसापासून मी चिंगीचं तापमान सकाळ, दुपार, रात्र असं घेत होतो. साधा डिजिटल थर्मामीटर, टोकाला व्हॅसलिन, गुदद्वारातून आत अर्धा-एक इंच. त्यावर लाल चिकटपट्टी लावून ठेवली होती, घरातल्या माणसांच्या तोंडात जाऊ नये म्हणून. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइटच्या आसपास असतं. शेवटच्या आठवड्यात ते १०० च्या आगेमागे उतरतं. आणि मग एके दिवशी ते ९९ च्याही खाली जातं. त्यानंतर बहुधा २४ तासांच्या आत कळा सुरू होतात.

हे का होतं ते समजलं की आकड्यावर विश्वास बसतो. गर्भ टिकवून धरणारं प्रोजेस्टेरॉन शरीराला थोडं गरमही ठेवतं. पिल्लं तयार झाली की तीच इशारा देतात, प्रोजेस्टेरॉन झपकन कोसळतं आणि त्याच्यामागे तापमानही घसरतं. पुढच्या काही तासांत शरीर सावरतं आणि पारा परत वर येतो. म्हणून दिवसातून एकदाच मोजणाऱ्याच्या हातून ही घसरण निसटते आणि ‘आमच्या कुत्रीचं काही उतरलंच नाही’ असं तो सांगत फिरतो. लहान चणीच्या कुत्रीत घसरण खूप खोल असते, मोठ्या जातींत जेमतेम एखादा अंश. म्हणून एकट्या ९९ या आकड्यापेक्षा तिच्या स्वतःच्या रोजच्या आकड्यांशी तुलना करा. चिंगीचे आकडे १००.२, १००.४, ९९.९ असे चालले होते. ६१ व्या दिवशी दुपारी ९८.४ आलं. मी थर्मामीटर झटकून, पुसून पुन्हा लावलं. ९८.४.

इथे घड्याळ पहिल्यांदा लावायचं. पारा घसरून २४ तास उलटले आणि कळांचा मागमूस नाही, तर डॉक्टरांना फोन करायचा. कुत्री मजेत दिसत असली तरीही. कधी कधी गर्भाशय कामाला लागतच नाही. पोटात एक-दोनच पिल्लं असतील तर त्यांचा इशारा अपुरा पडतो, फार जास्त असतील तर भिंत इतकी ताणलेली असते की आवळताच येत नाही. अशा कुत्र्या ना रडतात ना कुंथतात, आणि हीच खरी पंचाईत आहे. बाहेरून सगळं शांत असतं आणि आत पिल्लं गुदमरत असतात.

त्या रात्री चिंगीने जेवणाकडे बघितलं नाही. अकराच्या सुमाराला ती खोक्यातली चादर दोन्ही पायांनी उकरायला लागली, गोल फिरून बसायची, परत उठायची. धापा टाकत होती, मध्येच अंग थरथरायचं, एकदा उलटी झाली. ही पहिली पायरी. या वेळी गर्भाशय आतल्या आत आवळत असतं आणि त्याचं तोंड उघडत असतं, पण पोट आवळलेलं बाहेरून दिसत नाही. ही पायरी सहा ते बारा तास चालते, पहिलटकरणीची कधी २४ तासही. अशा वेळी दिवा मंद करायचा, पाणी जवळ ठेवायचं आणि गप्प बसायचं. शेजारीपाजारी, मुलं, पाहुणे कोणालाही बघायला बोलवायचं नाही. घाबरलेल्या कुत्रीच्या कळा थांबतात.

सकाळी ७.२० ला ती कुशीवर होती आणि पोटापासून शेपटीपर्यंत सगळं अंग एका दमात आवळलं. शौचाला जोर करावा तसं. शेपटी बाजूला वळली. ही दुसरी पायरी, आणि पहिला खरा जोर लागला तो क्षण वहीत मिनिटासकट लिहायचा. पुढचा सगळा हिशेब याच नोंदीवर चालतो.

७.४५ ला पहिलं पिल्लू आलं, मागचे पाय पुढे करून. पायाळू म्हणून धास्ती घ्यायचं कारण नाही, कुत्र्यांची पुष्कळ पिल्लं तशीच येतात. ते पाणमोटेतच होतं. आईने मिनिटभरात पापुद्रा फाडला नाही तर आपण बोटांनी नाकापाशी फाडायचा, तोंड पुसायचं, आणि कोरड्या टॉवेलने रडेपर्यंत चोळायचं. पिल्लाला धरून झोके देऊन पाणी काढायची जुनी पद्धत आहे, ती करू नका, मेंदूला इजा होते. चिंगीने सगळं स्वतः केलं, मी नुसता टॉवेल धरून बसलो होतो. प्रत्येक पिल्लामागे वार पडते, कधी लगेच, कधी दोन पिल्लांनंतर दोन एकदम. तिने खाल्ली तरी वहीत एक रेघ ओढायची, म्हणजे शेवटी मोजता येतं.

दुसरं ८.३५, तिसरं ९.२०, चौथं ९.५०. मग ती पिल्लांना चाटत, पाजत झोपली. अशी विश्रांती बिनघोर असते. दोन पिल्लांमध्ये साधारण अर्धा ते एक तास जातो, आणि आई निवांत असेल, जोर करत नसेल, तर दोन तासांपर्यंत थांबता येतं. त्यापुढे फोन, कारण एक्स-रेने सांगितलेलं अजून एक आत आहे हे आपल्याला माहीत असतं. इथे ते पाच कामाला आलं. नाहीतर मी चारांवर पेढी बंद करून झोपलो असतो.

११.२० ला पुन्हा जोर सुरू झाले. मोठे, स्पष्ट, एकामागून एक. ११.३० झाले, ११.४० झाले. ती उठून मागे वळून बघायची, परत बसून जोर करायची. आणि इथे मी चुकलो. ‘चार आली, पाचवंही येईल’ असं मीच मला सांगत होतो. शेजारचे काका म्हणाले, निसर्गाचं काम आहे, हात लावू नकोस. दुसऱ्या एकाने कळांचं इंजेक्शन आणून टोचायचा सल्ला दिला. तो मी ऐकला नाही, तेवढं बरं केलं.

नियम असा आहे. जोरदार, सलग जोर वीस ते तीस मिनिटं लागले आणि पिल्लू बाहेर पडलं नाही, तर फोन. दोन तासांचा नियम विश्रांतीला आहे, जोराला नाही. या दोन गोष्टी मी एकत्र कालवल्या आणि ‘दोन तास थांबता येतं’ हे चुकीच्या जागी लावलं. झोपलेली कुत्री दोन तास थांबू शकते. अर्धा तास ढकलून ढकलून काही हलत नसेल, तर वाटेत काहीतरी अडलेलं आहे, आणि दर जोरासरशी पिल्लाचा रक्तपुरवठा दाबला जातो.

दवाखान्यात डॉक्टरांनी हातमोजा घालून बोट आत घातलं आणि लगेच सांगितलं, डोकं बाजूला वळलंय. पिल्लाची मान कुशीकडे दुमडलेली होती, त्यामुळे खांदा आणि मान मिळून कमरेच्या हाडांच्या कड्यात अडकली होती. सोनोग्राफीवर हृदयाचे ठोके मिनिटाला १२० च्या घरात होते. माणसाच्या मानाने हे खूप वाटेल, पण व्यायच्या वेळी कुत्रीच्या पोटातल्या पिल्लाचे ठोके २०० च्या पुढे असायला हवेत. १८० च्या खाली आले की पिल्लाला त्रास होतोय असं समजतात, १५०-१६० च्या खाली म्हणजे वेळ संपत आलीय. वंगण लावून डोकं सरळ करायचा प्रयत्न झाला, जमला नाही. सिझेरियन केलं. चिंगी वाचली, पाचवं पिल्लू बाहेर काढलं तेव्हा गेलेलं होतं. डॉक्टर चिडले नाहीत, वही मागून घेतली आणि ११.२० वर बोट ठेवून म्हणाले, “इथून अर्धा तास.”

इंजेक्शनचं विचारलं तेव्हा मात्र त्यांचा आवाज चढला. त्या इंजेक्शनमधलं ऑक्सिटोसिन गर्भाशयाला आवळायला लावतं. वाट मोकळी असेल तर ते उपयोगी पडतं, तेही डॉक्टरांनी तपासून, अगदी थोड्या मात्रेत दिलं तर. वाट अडलेली असताना दिलं तर बंद दारावर आतून धडका मारण्यासारखं होतं. गर्भाशय फाटू शकतं, आणि वार आधीच सुटून उरलेल्या पिल्लांचा प्राणवायू तुटतो.

या घड्याळाबाहेर काही चिन्हं अशी आहेत की जी दिसली तर मिनिटं मोजत बसायचंच नाही. पहिलं पिल्लू यायच्या आधी हिरवा स्राव दिसणं, हे त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. कुत्रीच्या वारेच्या कडेला गडद हिरवं रंगद्रव्य असतं. ते बाहेर आलं याचा अर्थ कुठलीतरी वार गर्भाशयापासून सुटली, म्हणजे तिला जोडलेल्या पिल्लाचा श्वास तुटायला लागला. पिल्लू लगोलग मागोमाग आलं तर ठीक, नाही तर ताबडतोब निघा. एकदा पहिलं पिल्लू येऊन गेलं की हाच हिरवा रंग नेहमीचा होतो, घाबरवत नाही. लालभडक रक्त थेंबथेंब नव्हे तर वाहतंय आणि थांबत नाही, कुत्री कोसळली, पांढरी फटक पडली, दुखून किंचाळते आहे, पाणमोट किंवा पिल्लाचा पाय बाहेर दिसून पंधरा मिनिटं झाली आणि पुढे सरकत नाही, हेही त्यातच. अर्धं बाहेर आलेलं पिल्लू ओढायची वेळ आलीच तर स्वच्छ कोरड्या कापडाने धड धरायचं, नुसता पाय किंवा डोकं नाही, आणि तिने जोर केला की त्याच वेळी हळूच खाली, तिच्या मागच्या पायांच्या टाचांच्या दिशेने ओढायचं. सरळ मागे ओढू नका, वाट तशी सरळ नसतेच. दोन-तीन जोरात सुटलं नाही तर तसंच गाडीत.

चपट्या नाकाच्या जातींचा, म्हणजे बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, पग यांचा, हा सगळा हिशेब वेगळा. पिल्लाचं डोकं मोठं, आईची कंबर अरुंद आणि धापा टाकायलाच तिला त्रास. त्यांचं सिझेरियन तारीख ठरवूनच करणं शहाणपणाचं, आणि ती तारीख ठरवायची तर माजावरची प्रोजेस्टेरॉनची तपासणी हवीच. मेटिंगच्या तारखेवर भिस्त ठेवून आधीच कापलं तर अपुऱ्या दिवसांची पिल्लं हाती येतात.

फोन केल्यावर सांगायचं ते थोडकंच असतं. पहिल्या मेटिंगची तारीख, पारा कधी घसरला, पहिला जोर किती वाजता, शेवटचं पिल्लू किती वाजता, एक्स-रेत किती आणि बाहेर किती, स्राव कोणत्या रंगाचा. एवढ्यावर डॉक्टर ‘थांबा’ किंवा ‘निघा’ ठरवतात. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता आणि तिथे सिझेरियन होतं का, हे ५५ व्या दिवसालाच विचारून ठेवावं. काही ठिकाणी रात्री फक्त सलाईन लावणारा माणूस असतो.

पिल्लं झाल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांच्या जागेचं तापमान ८५ ते ९० फॅरनहाइट ठेवावं लागतं, कारण नवजात पिल्लाला थरथरून अंग गरम करता येत नाही. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, मग दूध. गार पोटात दूध पचत नाही. आईला हिरवट, मग विटकरी स्राव तीन आठवडेसुद्धा चालतो, त्याला वास नसावा. घाण वास, १०३ च्या वर ताप, किंवा एखादं सड कडक, गरम आणि लाल होणं, यापैकी काहीही दिसलं तर दवाखाना.

आणि एक्लॅम्पसिया. तो बहुधा दूध ऐन भरात असताना, पहिल्या तीन-चार आठवड्यांत येतो, आणि लहान चणीच्या, जास्त पिल्लांच्या आयांना अधिक. चिंगीला शस्त्रक्रियेनंतर अठराव्या दिवशी संध्याकाळी बघितलं तर ती पिल्लांना सोडून भिंतीशी उभी होती, धापा टाकत, तोंड पुन्हा पुन्हा खाजवत, आणि मागचे पाय लाकडासारखे ताठ टाकत चालत होती. या वेळी मी वही उघडली नाही. चारही पिल्लं तिच्यापासून काढून घरी ठेवली आणि तिला गाडीत घातलं. शिरेतून कॅल्शियम अगदी हळू, हृदयाला स्टेथोस्कोप लावून देतात, कारण भरभर गेलं तर हृदय बंद पडतं. वीस मिनिटांत तिचे पाय सैल झाले. पिल्लांना त्या रात्री बाटलीने पाजलं, आणि पुढेही तिच्यावरचा भार कमी करायला बाटली चालूच ठेवली.